चौकट एक असावी, सतरंजी एक नसावी

अलीकडे आमच्या समाजात एक नवी हौस रूढ होऊ लागली आहे. घरात मंगलकार्य निघाले, वास्तुशांत ठरली किंवा वडिलांची सहस्रचंद्रदर्शनाची शांत आली, की मुलेबाळे जुन्या पेट्या उघडतात, वेगवेगळ्या काळांतील चार-सहा छायाचित्रे बाहेर काढतात आणि हुबळी-धारवाडातील एखाद्या फोटोवाल्याकडे नेऊन देतात. आठ दिवसांनी त्या सर्वांचे मिळून एकच मोठे चित्र घरी येते. पणजोबा खुर्चीवर बसले आहेत, आजी शेजारी आहे, काका मागे उभे आहेत, वडील कडेला आहेत, आणि सर्वांच्या पायांखाली एकच सतरंजी अंथरलेली आहे. ही माणसे जन्मात कधी एका ठिकाणी जमली नव्हती हे घरातल्या वडीलधाऱ्यांना ठाऊक असते. चित्राला मात्र ते ठाऊक नसते.

या हौशीमागील भावनेचा उपहास करण्याचा आमचा हेतू नाही. उलट, ही माणसे एकत्र का जमली नाहीत याचे कारण आमच्या पुष्कळ घरांत फार जड आहे. आमची कुलदैवते गोमंतकात, आमची नोकरी-व्यवहाराची घरे हुबळीत आणि धारवाडात, आणि मध्ये कॅसलरॉकचा घाट. १९५५ च्या ऑगस्टमध्ये सत्याग्रहींवर गोळीबार झाल्यानंतर गोव्याकडे जाणारी आगगाडी बंद पडली, आणि सामान्य प्रवाशास सरहद्द जवळजवळ मिटली. ती पुढे १९६१ च्या डिसेंबरात गोवा मुक्त होईपर्यंत मोकळी झाली नाही. सहा वर्षे म्हणजे थोडा काळ नव्हे. तेवढ्यात मुंजी होतात, लग्ने होतात आणि आईबाप निघूनही जातात. ज्या घरातील मुलगा घाटाच्या अलीकडे आणि आई पलीकडे राहिली, त्या घराने पुढे कधीतरी त्या दोघांना कागदावर तरी शेजारी बसवावे, ही इच्छा आम्हांस सर्वथा योग्य वाटते.

आमचा विरोध आहे तो एकत्र आणण्याला नव्हे, तर एकत्र होते असे भासविण्याला. फोटोवाला ज्या गोष्टीचा अभिमान बाळगतो, की ‘सांधा कुठेही दिसणार नाही’, तीच गोष्ट आम्हांस आक्षेपार्ह वाटते. सांधा नाहीसा करावयाचा म्हणजे काय काय करावे लागते याची कल्पना गिऱ्हाइकास बहुधा नसते. सबब ते येथे थोडे विस्ताराने सांगणे अवश्य आहे.

उदाहरणादाखल एक घर कल्पू. मूळ फोंडा महालातले, पुढे धारवाडात स्थायिक झालेले. त्यांच्यापाशी चार छायाचित्रे आहेत. पहिले आजोबांचे, सुमारे १९२५ सालचे, जाड पुठ्ठ्यावर चिकटविलेले. आजोबा सोवळ्यात, उघड्या अंगावर जानवे, वय पस्तिशीचे. ते १९३२ साली वारले. दुसरे आजीचे, पण स्वतंत्र नव्हे. १९४० च्या एका मुंजीच्या घोळक्यात, शेवटच्या रांगेत, डोक्यावरून पदर घेतलेली. तिसरे काकांचे, १९५८ साली मडगावात एखाद्या दाखल्यासाठी काढलेले, समोर पाहणारे, छातीपर्यंतचे. चौथे वडिलांचे, १९६५ साली धारवाडात कोणाच्या लग्नात काढलेले, पूर्ण उभे. आजी १९५७ साली गोव्यात गेली, आणि वडिलांना तिच्या अंत्यदर्शनाला जाता आले नाही. नातवंडांना या चौघांचे एक चित्र हवे आहे.

आता फोटोवाल्याच्या मेजापाशी जाऊ. बारा इंच बाय अठरा इंचांच्या कागदावर चार माणसे नीट बसवावयाची तर प्रत्येकाचे डोके, हनुवटीपासून माथ्यापर्यंत, साधारण एक इंच म्हणजे पंचवीस मिलिमीटर यावे लागते. आजोबांच्या मूळ चित्रात ते अठ्ठावीस मिलिमीटर आहे. ते किंचित लहान करावयाचे, म्हणजे प्रश्न नाही. काकांचे सव्वीस आहे. तेथेही प्रश्न नाही. वडिलांचे बारा आहे. दुप्पट मोठे करावे लागेल, थोडी मृदुता येईल. आजीचे मात्र अवघे सहा मिलिमीटर आहे. ते चौपटीहून अधिक वाढवावयाचे आहे.

येथे कोणी म्हणेल, यंत्राने सूक्ष्म नक्कल घेतली की झाले. इंचाला बाराशे ठिपके घेतले तर सहा मिलिमीटरांत सुमारे २८३ ठिपके मिळतात, आणि इंचाला तीनशे ठिपक्यांनी छापावयाच्या एक इंची डोक्याला तीनशेच लागतात. म्हणजे हिशोब जुळला. पण हा जुळलेला हिशोब फसवा आहे. ठिपके यंत्राने दिले. त्या ठिपक्यांत काय आहे ते जुन्या कागदानेच द्यावयाचे असते. ज्या कागदावर आजीचे डोळे हे दोन करडे डाग म्हणूनच उतरले, त्याची कितीही सूक्ष्म नक्कल घेतली तरी ते मोठे करडे डागच राहतात. मूळ निगेटिव्ह मिळाली तर तीत याहून अधिक तपशील सापडण्याचा संभव असतो. पण ती सहसा मिळत नाही. मग धारदार आजोबांच्या शेजारी धूसर आजी बसते आणि सांधा दिसू लागतो. तो झाकण्याचे मार्ग दोनच. एक, इतर तिघांनाही धूसर करणे. दुसरा, आजीला नवे डोळे, नवे ओठ आणि नव्या सुरकुत्या काढून देणे. बहुधा दुसरा मार्ग पत्करला जातो. नातवंडे ज्या चेहऱ्यापुढे हात जोडतात तो मग आजीचा नसतो, कारागिराच्या कल्पनेतील कोणा वृद्धेचा असतो.

दुसरी अडचण प्रकाशाची. आजोबांवर उजेड डावीकडच्या खिडकीतून पडला आहे. त्यांच्या नाकाची सावली उजव्या गालावर आहे. आजी दुपारच्या उन्हात अंगणात उभी आहे. तिच्या डोळ्यांच्या खोबणीत काळोख आहे. काकांवर समोरून सपाट उजेड आहे, आणि वडिलांच्या पाठीमागे झगझगीत दिव्याने पाडलेली काळी कड आहे. चार माणसे एका खोलीत बसली असती तर चौघांवर एकच उजेड पडला असता. म्हणूनच जोडलेले चित्र ओळखण्याची सोपी खूण अशी, की प्रथम चेहरे पाहू नयेत, नाकांच्या सावल्या पाहाव्यात आणि बुबुळांतील प्रकाशाचा पांढरा ठिपका कोणत्या बाजूस आहे तो पाहावा. कोणाचा डावीकडे, कोणाचा मध्यभागी, आणि कोणाचा मुळीच नाही असे आढळले की ती माणसे एका उजेडात नव्हती हे निश्चित समजावे. नंतर पायांकडे पाहावे. छातीपर्यंतच्या काकांना पाय कोठून आले? ते दुसऱ्या कोणाचे तरी आहेत.

हा प्रकाशाचा विरोध मिटविण्यास कारागिराजवळ एक स्वस्त युक्ती असते: चित्र आरशातल्यासारखे उलटे करणे. आजोबांना उलटविले की उजेड उजवीकडून आल्यासारखा दिसतो आणि दुसऱ्या कोणाशी जुळतो. पण आमच्या वाचकांस येथे काय घडले ते सांगावयास नको. आजोबांच्या डाव्या खांद्यावरचे जानवे उजव्या खांद्यावर गेले. सव्य होते ते अपसव्य झाले. ज्या गृहस्थाने नातवाच्या वास्तुशांतीला आशीर्वाद द्यावयाचा, तो चित्रात पितृकर्माला बसल्यासारखा दिसू लागला. फोटोवाल्यास ते उमगत नाही, आणि उमगले तरी आठवणीने सांगणारे घरात कोणी नसते. सोवळ्याऐवजी कोट असता तर गुंड्या उलट्या बाजूस गेल्या असत्या. कपाळावरचा डाग, तुटलेला दात, वाकडे बोट, ज्यांवरून माणूस ओळखू येतो त्या सर्व खुणा उलट्या बाजूस जातात.

तिसरी अडचण वयाची, आणि तिच्यावर कोणतीही युक्ती चालत नाही. आमच्या कल्पिलेल्या घरात आजोबा पस्तीस वर्षांचे आहेत, आणि त्यांचा मुलगा १९६५ सालच्या चित्रात सदतीस वर्षांचा आहे. एका सतरंजीवर बसविले की बाप मुलाहून लहान दिसतो. हे सत्यच आहे. बाप अल्पायुषी होता आणि मुलगा त्याच्या वयाच्या पुढे गेला. आमच्या मते त्या घराच्या इतिहासातील सर्वांत बोलकी गोष्ट हीच आहे. परंतु ‘बरे दिसत नाही’ म्हणून आजोबांचे केस पांढरे केले जातात आणि गालांवर सुरकुत्या आणल्या जातात. ज्या म्हातारपणापर्यंत तो पुरुष पोहोचलाच नाही ते म्हातारपण त्याला बहाल केले जाते, आणि त्याच्या पत्नीने एकटीने काढलेली पंचवीस वर्षे त्या पांढऱ्या रंगाखाली पुसली जातात.

त्या पत्नीसंबंधी आता बोललेच पाहिजे, कारण हा लेख लिहिण्यास आम्ही प्रवृत्त झालो तो मुख्यतः तिच्यामुळे. १९३२ साली वैधव्य आलेल्या आमच्याकडील बाईचे केशवपन होत असे. ती आलवण नेसे, कपाळ मोकळे ठेवी, मंगलकार्यात मागे उभी राही. तिचे स्वतंत्र छायाचित्र काढावे असे सहसा कोणास वाटत नसे. म्हणूनच ती मुंजीच्या घोळक्यात शेवटच्या रांगेत सहा मिलिमीटरांची होऊन उरली. आज नातवंडे तिला पुढच्या रांगेत आणतात, ही आनंदाची गोष्ट आहे. पण पुढे आणताना काय केले जाते? पदर मागे सारला जातो, डोक्यावर केस काढले जातात, कपाळावर कुंकू लावले जाते, आलवणाच्या जागी काठपदराचे लुगडे येते. कारण विचारले तर उत्तर मिळते, ‘शुभकार्याचे चित्र आहे.’

आम्ही विचारतो, कोणाच्या दृष्टीने शुभ? ज्या समाजाने तिला हयातीत शुभकार्यातून मागे सारले, तोच समाज तिच्या मृत्यूनंतर पुन्हा एकदा तिला जशी होती तशी समोर येऊ देत नाही, असाच याचा अर्थ होतो. पूर्वी तिला मागच्या रांगेत ठेवले. आता तिला तिथल्या तिथे पुसून तिच्या जागी दुसरीच सुवासिनी बसविली. त्या मोकळ्या कपाळाने ज्यांना वाढविले ती मुले, आणि त्या मुलांची मुले, त्याच कपाळाची लाज बाळगतात. मुंडन हा अन्याय होता असे आज सर्व जण मानतात. तो झाकला म्हणजे त्याचे परिमार्जन होत नाही. तो झाला होता हे सांगणारा एकमेव पुरावा मात्र नष्ट होतो. आजीचे पदर घेतलेले, धूसर, लहान छायाचित्रच आजी आहे. ते लहानच राहू द्यावे.

यावर एक प्रामाणिक आक्षेप येईल तो आम्ही टाळीत नाही. लोक म्हणतील, ‘घरातल्या चित्राला न्यायालयातल्या पुराव्याची कसोटी कशाला? आम्हांला खरे काय ते माहीत आहे. मुलांना बरे वाटते, एवढे पुरे.’ आम्हांला माहीत आहे, हे खरे. पण ज्यांना माहीत आहे ते किती काळ असणार? भिंतीवरचे मोठे चित्र टिकते आणि पेटीतले लहान चित्र हरवते, हा सर्वत्रचा अनुभव आहे. मोठे चित्र झाले की लहानांची गरज संपली असे वाटून ती इकडे तिकडे जातात. तीस वर्षांनी एखादी पणती आपल्या घरासाठी त्या भिंतीवरच्या चित्राचीच नक्कल काढते. तिच्या लेखी आजोबा म्हातारे होऊन गेले, आजी सुवासिनी होती, काका आणि वडील सरहद्दीच्या दोन बाजूंना कधी अडकलेच नाहीत. ज्या दुःखासाठी चित्र जोडले तेच दुःख चित्राने गिळले.

जोडकाम म्हणजेच खोटेपणा, असेही आम्ही मानत नाही, आणि यास जुने दाखले आहेत. कॅनडातील माँट्रियल शहरी १८७० साली बर्फावरील घसरखेळाचा मोठा उत्सव झाला तेव्हा विल्यम नोटमन या छायाचित्रकाराने एकेका पाहुण्यास आपल्या स्टुडिओत उभे करून स्वतंत्र छायाचित्रे काढली, ती कापली आणि रंगविलेल्या देखाव्यावर चिकटविली. एवढा मोठा समुदाय त्या काळच्या कॅमेऱ्यास एका क्षणी टिपता येत नव्हता, हे सर्व जाणत होते. आपल्याकडे राजस्थानातील नाथद्वाऱ्यास भाविक यजमान श्रीनाथजींच्या सन्निध उभे असल्याची ‘मनोरथ’ चित्रे करून घेत. त्यांत देह आणि वस्त्रे चित्रकाराने रंगविलेली, आणि चेहरा कित्येकदा छायाचित्रातून कापून बसविलेला असे. रंगविलेल्या देहावरचा छायाचित्रातला चेहरा लपत नाही, आणि लपावा असा आग्रहही तेथे नव्हता. ‘मनोरथ’ या नावातच ती इच्छा आहे, घडलेली घटना नव्हे, हे सांगून टाकले आहे.

अगदी अलीकडचे उदाहरण चित्रकार विवान सुंदरम यांचे. त्यांची मावशी अमृता शेरगिल १९४१ साली लाहोरास वारली, आणि विवान जन्मले १९४३ साली. २००१ च्या सुमारास त्यांनी आजोबा उमरावसिंग यांनी काढलेली घरातली छायाचित्रे घेऊन संगणकावर त्यांची नवी जुळणी केली. निरनिराळ्या वर्षांतील माणसे एका खोलीत आणली. त्यांचे काम फार सफाईदार आहे. पण त्यांनी त्यास ‘रीटेक ऑफ अमृता’ असे नाव दिले, म्हणजे हे पुन्हा घेतलेले चित्र आहे अशी कबुली कपाळावरच लिहिली. सफाई आणि सचोटी एकत्र नांदू शकतात, हे त्यावरून कळते. आमच्या घरातल्या चित्राखाली असे नाव कोणी लिहीत नाही, हीच तक्रार आहे.

आणि दूर तरी कशाला जावे? दुरावलेल्यांना एकत्र आणण्याची रीत आमच्या धर्मकर्मात आधीच आहे. तर्पणास बसलेला गृहस्थ पित्यास वसुरूप, पितामहास रुद्ररूप आणि प्रपितामहास आदित्यरूप म्हणून आवाहन करतो. त्याने प्रपितामहास पाहिलेले नसते. कित्येकदा पित्यासही नीट पाहिलेले नसते. तरी एका दर्भावर, एका सकाळी, ते सर्व येतात. पण येतात ते कसे? प्रत्येकाचे नाव वेगळे, गोत्राचा उच्चार वेगळा, नाते वेगळे, आणि अंजलीही वेगळी. सर्वांना मिळून एक अंजली देऊन मोकळे होण्याची सोय शास्त्राने ठेवलेली नाही. हे सर्व एका पंक्तीस जेवले होते असे तेथे कोणी म्हणत नाही, आणि तसे न म्हटल्याने त्या कर्माची आर्द्रता तसूभरही कमी होत नाही.

कुटुंबचित्रालाही आम्ही हीच रीत लावू इच्छितो. चौकट एक असावी. तीत प्रत्येकास आपापली जागा, आपापला उजेड आणि आपापली पार्श्वभूमी असावी. मध्ये बोटभर कोरी जागा सोडावी. आजीचे डोके सहाचे दहा मिलिमीटर झाले तर पुरे. ते पंचवीस करण्याचा हट्ट धरू नये. लहान आकारात तिच्यावर काहीच काढावे लागत नाही, आणि शेजारच्या मोठ्या चेहऱ्यांमध्ये तो लहान चेहराच पाहणाऱ्यास थांबवितो. कोणासही उलटे करू नये. केस, कुंकू, वस्त्र, पाय आणि वय यांत काहीही घालू नये. कागदावरचे डाग आणि चिरा काढण्यास आमची हरकत नाही, कारण त्या कागदाच्या आहेत, माणसाच्या नव्हेत.

मूळ चित्रांची नक्कल घेताना ती न कापता, कडांसह आणि मागच्या बाजूसह घ्यावी. मागे स्टुडिओचा छाप किंवा कोणाच्या हातचे दोन शब्द असण्याचा संभव असतो. आजीसाठी मुंजीचा संपूर्ण घोळका राखावा. ती कोठे उभी होती हे त्या घोळक्यावाचून कळणार नाही. शेवटी, प्रत्येक चेहऱ्याखाली नाव, गाव आणि चित्राचे साल छापावे. मागील बाजूस लिहावे तर असे: ‘आजोबा, फोंडा, सुमारे १९२५. आजी, मुंजीच्या चित्रातून, १९४०. काका, मडगाव, १९५८. वडील, धारवाड, १९६५. ही चौघे एकत्र कधी बसली नाहीत. १९५५ ते १९६१ या काळात सरहद्द बंद होती, आणि आजी १९५७ मध्ये गेली.’

फोटोवाला म्हणेल की यात त्याच्या कारागिरीस वाव नाही. त्याला जे म्हणावयाचे ते म्हणू द्यावे. चित्र त्याच्या भिंतीवर लागणार नाही, आपल्या भिंतीवर लागणार आहे; आणि आजी आपली आहे.